३.६३६ की ३.९१? इन्व्हर्टेजच्या कमाल वेगाचे प्रकरण

१९१३ साली बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी यीस्टमधल्या इन्व्हर्टेज या एन्झाइमवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातले सात आकडे या प्रकरणाचा विषय आहेत. आकडे शंभर वर्षांहून जुने असले तरी त्यांच्या टोकाला एक अडचण आहे. ती प्रयोगशाळेत आजही जशीच्या तशी समोर येते, आणि तिचे खरे उत्तर गणितातल्या सीमा या कल्पनेत आहे.

इन्व्हर्टेज साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, पाण्याच्या साहाय्याने ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर तुकड्यांचे मिश्रण डावीकडे. त्यामुळे पोलॅरिमीटर लावून बसले की साखर किती वेगाने फुटते आहे ते कळते. व्हिक्टर आँरी यांनी दहा वर्षे आधी, १९०३ मध्ये, पॅरिसमध्ये हेच केले होते आणि वेगाचे सूत्रही मांडले होते. पण त्यांच्या मोजमापात दोन गोष्टी सुटल्या होत्या. द्रावणाची आम्लता स्थिर ठेवलेली नव्हती, आणि नुकतेच सुटलेले ग्लुकोज काही काळ स्वतःचे रूप बदलत राहते, त्या काळात प्रकाशाचे वळणही बदलत राहते, हे हिशेबात धरलेले नव्हते. मिखाएलिस-मेंटेन यांनी अॅसिटेटचे बफर वापरून आम्लता बांधून ठेवली. ठरावीक वेळेला थोडे द्रावण काढून त्यात सोडा मिसळला. सोड्याने एन्झाइम जागीच थांबते आणि ग्लुकोजचा रूपबदलही झटपट पुरा होतो, म्हणून वाचलेला कोन त्या क्षणी खरोखर किती साखर फुटली होती तेच सांगतो. त्यांनी वेग घेतला तो अगदी सुरुवातीचा, कारण नंतर साखर कमी होत जाते आणि तयार झालेले तुकडे एन्झाइमला अडवू लागतात.

एन्झाइम प्रत्येक वेळी तेवढेच, साखरेची संहती मात्र दर वेळी वेगळी. संहती मोल प्रति लिटरमध्ये आहे. वेग कोनाच्या बदलावर आधारलेल्या एककात आहे, आणि एन्झाइम किती घातले यावर तो अवलंबून असल्याने त्याच्या निव्वळ आकड्याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते आकड्यांच्या परस्पर प्रमाणाला.

```
संहती S     वेग v
0.0052      0.866
0.0104      1.466
0.0208      2.114
0.0416      2.666
0.0833      3.236
0.1670      3.636
0.3330      3.636
```

खालच्या टोकाला साखर दुप्पट केली की वेग जवळजवळ पावणेदोन पट होतो. मग वाढ मंदावत जाते. शेवटच्या पायरीवर साखर पुन्हा दुप्पट झाली, पण वेग तिसऱ्या दशांशापर्यंत तोच राहिला. वेग संतृप्त झाला, कमाल वेग ३.६३६, असे लिहून वही मिटावीशी वाटते. मला वाटते, या कोष्टकातली सर्वांत फसवी जागा हीच आहे.

सूत्र कुठून येते ते आधी पाहू. एन्झाइमचा रेणू एकतर मोकळा असतो किंवा त्याला साखर चिकटलेली असते. एकूण एन्झाइम ठरलेले आहे. चिकटलेल्याचे प्रमाण S/(K + S) इतके असते, आणि साखर फुटते ती फक्त चिकटलेल्या रेणूवर. म्हणून:

```
v = V·S / (K + S)
```

यात V म्हणजे सगळेच्या सगळे एन्झाइम गुंतलेले असताना मिळेल तो वेग. K ही ती संहती, जिथे वेग बरोबर V/2 असतो. पुढे १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी कमी गृहीतके धरूनही सूत्राचे हेच रूप निघते हे दाखवले. बदलला तो फक्त K चा अर्थ.

हे परिमेय फलन आहे. अंशात S ची पहिली घात, छेदातही पहिली घात. अंश आणि छेद दोन्हींना S ने भागले की V/(1 + K/S) उरते. S अमर्याद वाढवला की K/S शून्याकडे जातो आणि v ची सीमा V येते. अकरावीच्या पुस्तकातला हा नियम आपण सगळ्यांनी घोकलेला असतो: घाती समान असतील तर सीमा म्हणजे अग्रगुणकांचे गुणोत्तर. पण त्या नियमात सीमा किती आहे तेवढेच कळते. तिच्याकडे जाण्याचा वेग किती, ते कळत नाही, आणि प्रयोग करणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

त्यासाठी सीमेपासून उरलेले अंतर काढावे लागते. V मधून v वजा केला की V·K/(K + S) मिळते. म्हणजे कमाल वेगात उरलेली तूट, V चा अंश म्हणून, K/(K + S) आहे. साखर भरपूर असते तेव्हा ही तूट साधारण K/S इतकी असते. साखर दुप्पट केली तर तूट निम्मी होते, दसपट केली तर दहावा भाग. हा फार सावकाश जाणारा प्रवास आहे. तूट १० टक्क्यांवर आणायला S = ९K लागतो, १ टक्क्यावर आणायला ९९K, आणि ०.१ टक्क्यावर आणायला ९९९K. किरणोत्सारी ऱ्हासात प्रत्येक अर्धायुष्यागणिक उरलेले निम्मे होते आणि तेवढाच वेळ पुन्हा पुन्हा पुरतो. इथे मात्र प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट साखर घालावी लागते.

आता मिखाएलिस-मेंटेन यांनी काढलेली K घेऊ. ती ०.०१६७ मोल प्रति लिटर आहे. कोष्टकातली सर्वांत जास्त संहती ०.३३३ म्हणजे सुमारे २०K. सूत्राप्रमाणे तिथेही तूट एकविसाव्या भागाइतकी, म्हणजे पावणेपाच टक्के, शिल्लक असली पाहिजे. ०.१६७ ला ती ९ टक्के असायला हवी. तेव्हा शेवटच्या दोन नोंदींमध्ये चार-साडेचार टक्क्यांची वाढ अपेक्षित होती आणि ती दिसली नाही. ती का दिसली नसेल, हाच या प्रकरणातला प्रश्न आहे.

सर्वांत साधे उत्तर असे की एक नोंद थोडी वर गेली आणि दुसरी थोडी खाली आली. सातही नोंदींवर मूळ सूत्र बसवून पाहिले, चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, तर V सुमारे ३.९१ आणि K सुमारे ०.०१७९ येते. या वक्रावर ०.१६७ ला वेग ३.५३ आणि ०.३३३ ला ३.७१ असायला हवा होता. प्रत्यक्षातले ३.६३६ पहिल्यापेक्षा तीन टक्के वर आहे आणि दुसऱ्यापेक्षा दोन टक्के खाली. ०.०४१६ च्या नोंदीतही अडीच टक्क्यांचा फरक दिसतो, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता साधारण एवढीच आहे. अपेक्षित वाढ आणि मोजमापाची चूक सारख्याच आकाराच्या असल्या की दोन नोंदी योगायोगाने जुळू शकतात. सपाटी दिसली यावरून सीमा गाठली असे म्हणता येत नाही. इतकेच म्हणता येते की वाढ आता आपल्या नजरेच्या टप्प्यात राहिलेली नाही.

३.६३६ हाच कमाल वेग मानला तर नुकसान फक्त V पुरते राहत नाही. K म्हणजे निम्म्या वेगाची संहती. निम्मा वेग १.८१८ धरला तर तो ०.०१०४ आणि ०.०२०८ च्या मधे, सुमारे ०.०१६ ला सापडतो. ३.९१ धरला तर ०.०१७९ ला. V मधली सात टक्क्यांची चूक K मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास जाते. दोन वेगवेगळ्या यीस्टच्या इन्व्हर्टेजची तुलना करणारा माणूस एवढ्या फरकावरून सहज चुकीचा निष्कर्ष काढील.

मिखाएलिस-मेंटेन स्वतः या सापळ्यात अडकले नाहीत, आणि त्यांची युक्ती मला आजही फार आवडते. त्यांनी वेग संहतीसमोर मांडला नाही, संहतीच्या लॉगरिदमसमोर मांडला. तसे केले की वक्र इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो आणि त्याचा मधला भाग जवळजवळ सरळ असतो. त्या सरळ भागाचा उतार गणिताने ठरलेला आहे: V गुणिले २.३०३ भागिले ४, म्हणजे ०.५७६ V. म्हणून मधला उतार मोजून V काढता येतो, आणि माथ्यावरच्या सपाटीवर सगळा भरवसा ठेवावा लागत नाही. सीमा अनंतापाशी असली तरी तिची खूण वक्राच्या पोटात उमटलेली असते, कारण दोनच स्थिरांक असलेले सूत्र सगळा वक्र एकदम बांधून ठेवते.

नंतरच्या पिढीने, विशेषतः १९३४ मधल्या लाइनवीव्हर आणि बर्क यांच्या पद्धतीने, अनंत चक्क शून्यावर आणून ठेवले. 1/S ला u म्हटले की सूत्र सरळ रेषेचे होते:

```
1/v = 1/V + (K/V)·u
```

S अनंताकडे गेला की u शून्याकडे जातो, आणि सीमा म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती जागा. आपल्या नोंदींमध्ये u १९२ पासून ३ पर्यंत उतरतो, म्हणजे शून्य अगदी हाताशी आल्यासारखे वाटते. पण व्यस्त घेताना चुकांचे वजन बदलते. वेगात ०.०५ ची चूक असेल तर ३.६३६ चा व्यस्त जेमतेम दीड टक्क्याने हलतो, ०.८६६ चा मात्र सहा टक्क्यांनी. शिवाय तो बिंदू रेषेच्या पार दूरच्या टोकाला असतो, त्यामुळे रेषा कुठे कलायची हे बहुतांशी तोच ठरवतो. वजन न देता ही रेषा काढली तर V ३.९५ आणि K ०.०१८४ येते. याउलट S/v हे S समोर मांडले तर उतार 1/V असतो आणि वरच्या नोंदींना जास्त मान मिळतो. तिथे V ३.८५ आणि K ०.०१६६ येते. एकाच कोष्टकातून तीन पद्धतींनी ३.८५, ३.९१ आणि ३.९५. मी यांतली ३.९१ घेईन, कारण तिथे मोजलेला वेग तोडमोड न करता वापरला आहे. पण तिन्ही उत्तरे ३.६३६ च्या बऱ्याच वर आहेत, ही गोष्ट पद्धतीच्या निवडीपेक्षा मोठी आहे.

इथे एक सरळ सूचना पुढे येते. अंदाज कशाला करायचा, साखर आणखी वाढवावी आणि सीमेजवळ जाऊन मोजावे. तूट १ टक्क्यावर आणायला ९९K, म्हणजे सुमारे १.६५ मोल प्रति लिटर हवे. सुक्रोजचे मोलीय वस्तुमान ३४२ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ५६६ ग्रॅम साखर. हा दाट पाक झाला. त्याच्या एका लिटरमध्ये पाणी उरते सुमारे ६५० मिलिलिटर. ०.१ टक्क्यासाठी ९९९K, म्हणजे १६.७ मोल प्रति लिटर लागतील. शुद्ध साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. म्हणजे एक लिटर निव्वळ घन साखरेत, पाण्याचा थेंबही नसताना, ४.६४ मोलच मावतात. सूत्रातला S अनंताकडे जाऊ शकतो, भांड्यातला ४.६४ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. तिथे पोहोचण्याच्या आधीच फोडायला पाणी उरलेले नसते.

पाणी हा इथला विसरला गेलेला भागीदार आहे. साखर फुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो. पातळ द्रावणात पाणी इतके भरपूर असते की त्याची संहती स्थिर मानून V मध्ये मुरवून टाकतात. पण साखरेचा प्रत्येक मोल लिटरमधली साधारण ०.२१ लिटर जागा अडवतो. ०.३३३ ला म्हणजे पाण्याचे सात टक्के आधीच गेलेले असतात. नेल्सन आणि शुबर्ट यांनी १९२८ मध्ये इन्व्हर्टेजच्या वेगाचा पाण्याच्या संहतीशी असलेला संबंध अभ्यासला तो याच कारणासाठी: दाट साखरेत इन्व्हर्टेजचा वेग सपाट राहत नाही, तो उतरतो.

मग शेवटच्या दोन समान नोंदींचे आणखी एक स्पष्टीकरण उभे राहते. त्या चढणीवरच्या नसतील, आणि पठारावरच्याही नसतील. कदाचित त्या माथ्याच्या दोन बाजूंच्या असतील. वेग उरलेल्या पाण्याच्या प्रमाणात असतो असे धरून सूत्र दुरुस्त करू:

```
v = V·S·(1 − 0.21·S) / (K + S)
```

०.२१ हा आकडा नोंदींवरून बसवलेला नाही, तो साखरेने अडवलेल्या जागेवरून घेतला आहे. म्हणजे सुटे स्थिरांक पूर्वीसारखे दोनच राहिले. V = ४.१ आणि K = ०.०१९५ घेतले तर सातही नोंदींसाठी अनुक्रमे ०.८६, १.४२, २.११, २.७७, ३.२६, ३.५४ आणि ३.६० मिळतात. चुकांच्या वर्गांची बेरीज मूळ सूत्राच्या बेरजेइतकीच, सुमारे ०.०२३, येते. हा वक्र ०.२९ च्या आसपास माथा गाठतो, नेमका आपल्या शेवटच्या दोन नोंदींच्या मधे.

तिसरेही सूत्र आहे. अनेक एन्झाइमांमध्ये सबस्ट्रेटचा, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाचा, दुसरा रेणू नको त्या जागी चिकटतो आणि काम अडवतो. त्याचे सूत्र असे:

```
v = V·S / (K + S + S²/Ki)
```

यात Ki हा दुसरा रेणू किती सहज चिकटतो ते सांगणारा स्थिरांक. V आणि K वरचेच ठेवून Ki = ४.८ मोल प्रति लिटर घेतला, तर हा वक्रही त्याच सात नोंदींवर फारसा फरक न पडता बसतो. त्याचे कारण उघड आहे. S हा K पेक्षा बराच मोठा पण Ki पेक्षा बराच लहान असताना दोन्ही दुरुस्त्या वेग सारख्याच प्रमाणात, S च्या पहिल्या घातीने, कमी करतात, आणि ४.८ हा ०.२१ चा व्यस्तच आहे.

आता या तिघांची सीमा काढू. पहिल्या सूत्रात घाती समान आहेत, सीमा ३.९१. तिसऱ्यात छेदाची घात अंशापेक्षा एकाने मोठी आहे, सीमा शून्य. दुसऱ्यात अंशाची घात मोठी आहे आणि अग्रगुणक ऋण, म्हणून v ऋण अनंताकडे जातो. ऋण वेगाचा इथे काही अर्थ नाही. S ४.८ च्या पुढे गेला की ते सूत्र निरर्थक होते, आणि तो आकडा घन साखरेच्या ४.६४ च्या इतका जवळ आहे यात नवल नाही, कारण दोन्ही ठिकाणी मोजली जाते ती साखरेने अडवलेली जागाच. एकच कोष्टक, जवळजवळ सारखी बसणारी तीन सूत्रे, आणि अनंतापाशी तीन पूर्णपणे वेगळी उत्तरे. सीमा सूत्रातल्या सर्वांत मोठ्या घातींवरून ठरते, आणि आपल्या नोंदींच्या पल्ल्यात त्या घातींचा आवाज अजून नीट ऐकूच येत नाही.

म्हणूनच कमाल वेगाला वक्राची शेवटची उंची म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रात वेग कधीच ४.१ ला पोहोचत नाही, माथ्यावरही तो ३.६ च्या आसपासच राहतो. तरीही तिथल्या V ला अर्थ आहे: पाणी भरपूर असते, दुसरा रेणू आडवा येत नसता, आणि सगळे एन्झाइम गुंतलेले असते तर मिळाला असता तो वेग. हा अर्थ तपासताही येतो. एन्झाइम दुप्पट करून सगळी मालिका पुन्हा घ्यावी. V दुप्पट व्हायला हवा आणि K जागची हलता कामा नये. K हलली तर दोष सूत्रात किंवा मोजमापात आहे.

तीन सूत्रांमधून निवड करायची तर नोंदी कुठे घ्यायच्या हेही गणित सांगते. १ मोल प्रति लिटरला पहिले सूत्र ३.८४ म्हणते, पाण्याचे ३.१८ आणि दुसऱ्या रेणूचे ३.३४. पहिले आणि बाकीची दोन इथे स्पष्ट वेगळी होतात. तीन टक्क्यांची चूक असली तरी गोंधळ होणार नाही. दुसरे आणि तिसरे एकमेकांपासून वेगळे करायला २ मोलवर जावे लागेल. तिथे पाण्याचे सूत्र २.३६ आणि दुसऱ्या रेणूचे २.८७ देते. पण इतक्या दाट पाकात द्रावणाची चिकटाईही पाण्याच्या कितीतरी पट झालेली असते, आणि वेग उतरण्याचे तेही एक कारण ठरू शकते. त्यामुळे निव्वळ साखर वाढवत नेण्यापेक्षा दुसरा मार्ग अधिक भरवशाचा आहे. साखर ०.१६७ वरच ठेवायची, आणि इन्व्हर्टेज ज्याला हात लावत नाही असा विद्राव्य पदार्थ मिसळून पाण्याची जागा थोडी थोडी अडवत जायची. वेग पाण्याच्या प्रमाणात उतरला तर कारण पाणी. वेग जागचा हलला नाही, तर संशय साखरेच्या दुसऱ्या रेणूवर.

तोवर या सात नोंदींवरून प्रामाणिकपणे लिहिता येते ते इतकेच: ०.००५२ ते ०.३३३ मोल प्रति लिटर या पल्ल्यात मूळ सूत्र तीन टक्क्यांच्या आत बसते, त्यात V ३.८५ ते ३.९५ आणि K ०.०१६६ ते ०.०१८४, आणि पाण्याची घट धरली तर V ४.१ पर्यंत व K ०.०१९५ पर्यंत सरकते.